काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो: दुरुस्ती, रंग, दर आणि फाईल परत पाठवणं

खानापूर तालुक्यातला पाऊस ज्याला माहीत आहे त्याला तिथल्या भिंतींवरच्या फोटोंचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. भिंत ओली, फ्रेमच्या मागचा पुठ्ठा ओला, आणि फोटो हळूहळू काचेला चिकटलेला. बेळगावात बसून जुने फोटो दुरुस्त करून द्यायचं काम मी करतो. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईतलं किंवा कोल्हापूरचं, आणि मूळ फोटो मात्र गावातल्या घरात. हे काम पैसे घेऊन करायचं तर कसं करायचं, ते एकाच फोटोवरून सांगतो. साठच्या दशकातलं लग्न, नवरा-नवरी स्टुडिओत उभे, 6 बाय 8 इंचाचा कृष्णधवल फोटो. डावा खालचा कोपरा काचेला चिकटलेला, नवरीच्या खांद्यापर्यंत बुरशीचे ठिपके, वरच्या बाजूला आडवी फाट. पुण्यातल्या नातवाला तो दुरुस्त आणि रंगीत करून हवा होता.

फोटो हातात घेण्याआधी

नातवाने आधी व्हॉट्सअॅपवर फोटोचा फोटो पाठवला. असा फोटो फक्त अंदाज घ्यायला बरा. व्हॉट्सअॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेलं चित्र दाबून लांब बाजूला सुमारे 1600 पिक्सेलवर आणतं, आणि त्यावर केलेली दुरुस्ती छापली की चेहरे मेणाचे दिसतात. मूळ फोटो मागवता येत नसेल तर निदान 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाईल जशीच्या तशी येते. काढताना फ्लॅश बंद, उजेड खिडकीचा आणि बाजूने, मोबाईल फोटोला समांतर.

इथे मूळ फोटो बेळगावला आणता आला. नातवाची आत्याच तो घेऊन आली, जुन्या साडीत गुंडाळून. काच काढून देऊ का, असं तिने फोनवर विचारलं होतं. मी नको म्हटलं, आणि तुम्हीही तेच म्हणा. चिकटलेला फोटो ओढला की चित्र असलेला जिलेटिनचा थर काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. फ्रेमच्या मागचे खिळे आणि पुठ्ठा काढायचा, काच आणि फोटो एकत्रच बाहेर घ्यायचे, आणि काचेसकट स्कॅन करायचं.

बुरशी ओल्या फडक्याने पुसायचा मोह होतो. पुसू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, आणि एका हाताच्या फेऱ्यात नवरीची हनुवटी जाऊ शकते. तोंडाला मास्क लावून, खिडकीजवळ, मऊ कोरड्या ब्रशने सुटी धूळ झटकायची. बाकीचे ठिपके संगणकावर.

स्कॅन

बाजारात दोन जातीचे फ्लॅटबेड स्कॅनर मिळतात. पातळ, यूएसबीवर चालणारे बहुतेक सीआयएस जातीचे. त्यांना काचेला अगदी टेकलेलीच वस्तू स्पष्ट दिसते. जाडजूड सीसीडी जातीचे स्कॅनर थोड्या अंतरावरचंही पकडतात. फ्रेमची काच मधे आली की फोटो दोन मिलिमीटर वर जातो, आणि सीआयएसवर तो धूसर येतो. हे मला पहिल्याच वर्षी कळलं. संध्याकाळभर चेहरे 'शार्प' करत बसलो होतो, आणि दोष सगळा स्कॅनरचा होता. सीसीडी नसेल तर फोटो आडवा ठेवून वरून कॅमेऱ्याने काढा, दोन्ही बाजूंना 45 अंशात दिवे, आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येणार नाही.

या फोटोसाठी 600 डीपीआय, म्हणजे इंचाला 600 ठिपके, 16 बिट, टिफ, आणि मुख्य म्हणजे रंगीत स्कॅन. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीतच, कारण डाग रंगीत असतात. 6 बाय 8 इंच, 600 डीपीआय म्हणजे 3600 बाय 4800 पिक्सेल, आणि 16 बिटांत फाईल साधारण 104 एमबी. ती छापली तर 300 डीपीआयने 12 बाय 16 इंचांपर्यंत सहज जाते. त्याहून जास्त डीपीआय घेतल्यास बहुधा कागदाचे दाणेच मोठे दिसतात. पासपोर्टाएवढ्या फोटोतला चेहरा असेल तर मात्र 1200 घ्या.

पाठीमागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, कुणीतरी पेनाने लिहिलेलं साल, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. इथे फोटो काचेला असला तरी पाठ मोकळी होती, आणि तिच्यावर लग्नाची तिथी होती. पहिल्या स्कॅनच्या फाईलला पुन्हा हात लावायचा नाही. तिची प्रत काढून कामाला बसायचं.

दुरुस्ती

आधी फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाईलचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल एकेक करून पाहा. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात काळा दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळपास नाहीसा होतो. म्हणून डागाळलेल्या फोटोला पाया म्हणून लाल चॅनेल घ्यायचा. आमच्या फोटोतला खालचा पिवळट ओघळ एवढ्यानेच तीन-चतुर्थांश गेला. निळ्या बॉलपेनने कुणी मिशा काढल्या असतील तर गणित उलटं, मग निळा चॅनेल बघा. फोटोची मूळ तपकिरी छटा गिऱ्हाइकाला हवी असेल तर ती शेवटी वरून देता येते.

ठिपके काढायला हिलिंग ब्रश, पण नेहमी मूळ चित्रावर ठेवलेल्या वेगळ्या थरावर, लेयरवर, म्हणजे चूक झाली तर तेवढीच पुसता येते. साडीच्या चौकडीवर ब्रश चालवताना धाग्यांची रेष जुळते का ते 100 टक्के आकारात पाहा. फाटीच्या दोन्ही कडा थोड्या सरकलेल्या असतात. आधी एक बाजू उचलून दुसरीला जुळवा, मग शिवण मिटवा. उलट केलं तर मुंडावळ्या दोन ठिकाणी तुटलेल्या दिसतात.

दुरुस्त केलेली जागा ओळखू येते ती गुळगुळीतपणामुळे. जुन्या फोटोला सगळीकडे दाणे असतात, आणि नव्या ठिगळाला नसतात. म्हणून शेवटी त्या लेयरवर तेवढ्याच आकाराचे दाणे घालायचे. आत्याने पुढे चष्मा लावून काचेवर बोट फिरवलं आणि फाट कुठे होती ते तिला सापडलं नाही, ते या दाण्यांमुळे.

जिथे चित्रच गेलं आहे तिथे थांबायचं. नवऱ्याचा डावा कान बुरशीने खाल्ला होता. दुसऱ्या एका फोटोत तोच कान दिसत होता, तो घेतला. नसता तर मी कानाची जागा सावलीत मऊ सोडली असती. चेहरा आपोआप स्पष्ट करणारी साधनं आहेत, ती डोळे, दात, पापण्या सगळं नवीन बनवतात आणि लांबून छान दिसतं. एका गिऱ्हाइकाला मी तसा नमुना पाठवला होता. तिकडून आजीचा आवाज आला, "हे आमचे तात्या न्हवं वो!" तेव्हापासून चेहऱ्यावर ती साधनं लावत नाही.

रंग

इथे जरा वेळ देतो, कारण लोक पैसे रंगाचे देतात आणि भांडणंही रंगावरूनच होतात.

नातू म्हणाला, आजीची साडी लाल, लग्नाची आहे. आत्या म्हणाली, हिरवी, काठ-पदर लाल, इलकलची. दोघंही खात्रीने. आता राखाडी छटेवरून काही कळतं का?

कधी कळतं. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. तिच्यावर लाल काळं येतं, निळं फिकं येतं, हिरवं मधलं. ओळखायची खूण सोपी: कपाळावरचं कुंकू कोळशासारखं काळं, ओठ गडद, आणि आकाश असेल तर पांढरंफटक. पुढच्या काळातली पँक्रोमॅटिक फिल्म लालही पकडते. तिच्यावर लाल आणि हिरवं सारखंच राखाडी येऊ शकतं आणि छटेवरून काहीच ठरवता येत नाही.

आमच्या नवरीचं कुंकू काळं होतं. म्हणजे पहिल्या जातीची फिल्म. पदर जवळपास काळा, त्यात पांढरी नक्षी. इलकल साडीच्या टोप पदरावर लाल रेशमात पांढरी नक्षी असते, ते इथे बसतं. पण साडीचं अंग मधल्या राखाडीत होतं. ते लाल असतं तर पदरासारखंच काळं आलं असतं. म्हणजे लाल नक्की नाही. हिरवं किंवा गडद निळं. मग आत्याचं ऐकायचं. नातवाला पदर आणि अंग शेजारी ठेवून दाखवलं, तेव्हा त्याने मान्य केलं.

चोळी खणाची होती. आत्याच्या ट्रंकेत तिचा तुकडा निघाला. असा तुकडा मिळाला तर त्याचा दिवसाच्या उजेडात फोटो मागवा, शेजारी पांढरा कागद ठेवून. त्यावरून रंग उचलायचा.

रंग लावायची पद्धत: प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र रंगाचा लेयर, रंग तेवढ्याच जागेवर राहावा म्हणून त्याला मास्क, आणि ब्लेंड मोड `Color`. हा मोड खालचा उजेड-अंधार तसाच ठेवतो आणि फक्त रंग देतो. नवशिके अडकतात ते इथेच. काळ्या कुंकवावर कितीही लाल ओता, ते काळंच राहतं, कारण खालचा उजेडच शून्याजवळ आहे. म्हणून आधी कुंकू, ओठ आणि पदर यांच्यापुरता `Curves`चा लेयर लावून ती जागा उजळायची, मग वर लाल. पदरावर हे हळू करा, नाहीतर पांढरी नक्षी विरून जाते.

कातडीला एकच रंग लावला तर माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतो. कपाळ जरा पिवळट, गाल-कान-नाकाचा शेंडा तांबूस, दाढीची जागा थंड, असे तीन-चार रंग फिकट लावायचे. बाशिंगाचं सोनंही सपाट पिवळं नसतं. उजेडात ते फिकं आणि सावलीत तपकिरी असतं. एका क्लिकमध्ये रंग देणारी साधनं पाया म्हणून वापरायला हरकत नाही, भिंत आणि जमीन ती बरी करतात. पण साड्यांना ती बहुतेक मळकट तपकिरी देतात, कारण त्यांना इलकल माहीत नाही.

आपल्याकडे सैनिकांचे फोटोही खूप येतात, बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. टोपीवरचा तुरा लाल-हिरवा असतो, तो साधनावर सोडू नका. छातीवरच्या रिबिनींचे पट्टे ज्याचे त्याचे ठरलेले असतात. पदक कोणतं ते घरच्यांना विचारा, नाहीतर रिबिनी राखाडीच ठेवा. चुकीच्या रिबिनीवर निवृत्त सुभेदारांचा फोन नक्की येतो.

दर

दर फोटोच्या आकारावर ठेवू नका. 4 बाय 6 आणि 8 बाय 10 यांना सारखीच मेहनत पडते. वेळ जातो तो नुकसानीवर आणि चेहऱ्यांवर. या कामाच्या वेळी माझे दर असे होते: नुसता पिवळेपणा आणि बारीक ठिपके असतील तर 300 रुपये. फाट, बुरशी, चुरगळा असेल तर 800 पासून पुढे, फोटो पाहून. रंग वेगळा, पहिल्या चेहऱ्याला 600, पुढच्या प्रत्येकाला 200. पन्नास माणसांचा वरातीचा फोटो कुणी आणला की हा नियम मला वाचवतो.

या फोटोला मी दुरुस्तीचे 1400 आणि दोन चेहऱ्यांच्या रंगाचे 800, मिळून 2200 सांगितले. काम झाल्यावर तास मोजले. स्कॅन 20 मिनिटं, बुरशी अडीच तास, फाट आणि कान एक तास, उजेड-अंधार जुळवणं 40 मिनिटं, रंग तीन तास, आत्या आणि नातू यांच्याशी बोलणं आणि बदल एक तास, फाईली बांधून पाठवणं अर्धा तास. नऊ तास, म्हणजे तासाला 244 रुपये. वीज, स्कॅनर आणि सॉफ्टवेअर यांचा खर्च वजा करा. बोलण्याचा आणि पाठवण्याचा दीड तास मी दरात धरलाच नव्हता. आता बुरशीच्या फोटोला सुरुवातच 1800 ने करतो.

निम्मे पैसे आधी, यूपीआयने. रंगाचे दोन फेरबदल दरात, तिसऱ्यापासून प्रत्येकी 150. रंगाला मंजुरी कुटुंबातल्या एकाच माणसाची, आणि तो कोण हे पहिल्याच दिवशी मेसेजवर लिहून घ्यायचं. पाच चुलत भावंडांच्या ग्रुपवर नमुना टाकलात की काम संपत नाही. नमुना 1200 पिक्सेलचा, मधोमध नाव टाकलेला, सोबत एका चेहऱ्याचा पूर्ण आकारातला तुकडा.

सीमेवर राहणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो: मी कर्नाटकात, गिऱ्हाईक महाराष्ट्रात, मग जीएसटी? सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर दुसऱ्या राज्यात सेवा दिली एवढ्याने नोंदणी सक्तीची होत नाही. पण फ्रेम करून वस्तू म्हणून विकायला, पाठवायला लागलात की नियम वेगळे, तेव्हा सीएला विचारून घ्या.

मोठी फाईल परत पाठवणं

शेवटी हातात तीन टिफ होत्या: मूळ स्कॅन, दुरुस्त कृष्णधवल, आणि रंगीत. प्रत्येकी 104 एमबी, म्हणजे 300 च्या वर. सोबत छापायला दोन जेपीईजी. कृष्णधवल प्रत नेहमी द्या, रंग हा शेवटी आपला अंदाज आहे. जीमेलला 25 एमबीच्या वरची जोडणी चालत नाही. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून 2 जीबीपर्यंत जातं, पण समोरच्याच्या फोनमध्ये जागा नसते आणि आठवड्यात ते हरवतं.

मी दोन वाटांनी पाठवतो. जेपीईजी व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून, घरातल्या वडीलधाऱ्यांना लगेच बघायला. टिफ गूगल ड्राइव्हवर. लिंक देताना `Anyone with the link` ठेवू नका. ती लिंक नात्यागोत्यात फिरते आणि कुणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही. `Restricted` ठेवून फक्त गिऱ्हाइकाचा ईमेल जोडा. ड्राइव्हची फुकटची जागा 15 जीबी, आणि तिच्यात तुमची मेलही येते, तेव्हा जुनी कामं काढत राहा.

फोटो खाजगी असेल, किंवा सोबत मृत्यूचा दाखला, जमिनीचे कागद असलं काही असेल, तर फाईल कुलुपात घाला. साध्या झिपचा जुना पासवर्ड कच्चा असतो. 7-Zip ने एईएस-256 मध्ये बांधा. कामाच्या नंबराचं फोल्डर असेल, इथे 0147, तर ते जिथे आहे तिथे विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट उघडून:

```
"C:\Program Files\7-Zip\7z.exe" a -p -mhe=on 0147.7z 0147
certutil -hashfile 0147.7z SHA256
```

पहिली ओळ पासवर्ड विचारते आणि आतल्या फाईलींची नावंही झाकते. दुसरी ओळ फाईलचा ठसा देते, 64 अक्षरांचा. फाईल ड्राइव्हवर, ठसा व्हॉट्सअॅपवर, पासवर्ड फोनवर बोलून. तिन्ही एकाच वाटेने पाठवलं तर कुलपाला किल्ली लटकवून दिल्यासारखं होतं. गिऱ्हाइकाला फाईल उघडत नसेल तर त्याच्याकडे ठसा काढायला सांगा. जुळला नाही तर डाउनलोड अर्धवट झालं आहे, पुन्हा उतरवायचं. जुळला तर तो पासवर्ड चुकवतोय, किंवा फोनवरच्या नुसत्या फाईल मॅनेजरने उघडू पाहतोय. अँड्रॉइड फोनवर झेड-आर्काइव्हर हे अॅप घ्यायला सांगा. पासवर्ड इंग्रजी लहान अक्षरांत चार साधे शब्द असावेत. फोनवर `O` की शून्य यात अर्धा तास घालवायची हौस नसेल तर चिन्हं टाळा.

नातवाचं डाउनलोड पहिल्यांदा तुटलं, ठसा जुळला नाही, दुसऱ्यांदा जुळला. "मिळालं, उघडलं, तिन्ही दिसतात" असा त्याचा मेसेज आल्यावरच उरलेले पैसे मागितले. फाईली 30 दिवस ठेवतो, 25 व्या दिवशी एक आठवण, मग पुसतो. हे आधीच लिहून दिलेलं असतं.

मूळ फोटो आत्याच्या हातात दिला, अजून त्याच काचेला चिकटलेला. फ्रेमवाल्याला सांगून मागचा पुठ्ठा बदलला, आणि फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावल्या, म्हणजे ती भिंतीला टेकत नाही आणि मागून हवा खेळते. रंगीत प्रिंटसाठी काच आणि फोटो यांच्यात माउंटची जाड चौकट घातली. "हा तरी चिकटणार नाही न्हवं?" आत्याने विचारलं. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, एवढंच सांगितलं.